नुसती लिंक आणि एक 'हाय'

राहनाळच्या गोदामात मी घाबरून टेम्पो ताटकळत ठेवला, असे माझा पुतण्या अजून चारचौघांत सांगतो. ते धादांत खोटे आहे. अंजूरहून माल यायचा होता आणि हमाल खोळंबले होते. तेवढ्यात अनोळखी क्रमांकावरून माझ्या मोबाइलवर नुसती लिंक आली. ना नाव, ना कारण. असल्या लिंकवर मी बोट ठेवत नाही. "गाडीत माल आहे का?" एवढेच लिहून विचारले. उत्तर आले, "हाय."

पुतण्या उसळला. "काका, ब्लॉक करा! आता हाय-हॅलो सुरू झालं. भामटाच आहे."

इंग्रजी शाळेत शिकलेल्याला आपल्याच गावचे 'हाय' कळले नाही! तरीही संशय सोडायला मी तयार नव्हतो. त्या क्रमांकावर फोन लावला आणि विचारले, "माल कसला?"

"सुताची खोकी हायती, आजोबा. वळणावर उभा हाय, गेट न्हाय गावत. लोकेशन धाडलंय ना!"

"मग तसं लिहायला हात झिजत होते का?"

मी हमालाला वळणावर धाडले आणि टेम्पो आत आला. ती लिंक मी अजूनही उघडलेली नाही.