दोनशे वीस म्हटल्यावर

माझ्या धाकट्या दिराला गप्प बसता येत नाही. हा त्याचा दोष म्हणून कुणी कधी सांगितला नाही. उलट गावात त्याची ख्याती आहे, माणूस लय बोलका, मनमोकळा. मनमोकळा म्हणजे काय, हे मी गेल्या हंगामात आमच्या द्राक्षबागेत पाहिलं.

मी साताऱ्याची. वडिलांचं साड्यांचं दुकान होतं. लग्न होऊन कुंडलला आले आणि नवरा सैन्यात असल्यामुळे बागेचं सगळं दिराच्या हाती राहिलं. बाग नवऱ्याच्या वाटणीची, राबणं दिराचं, उत्पन्न अर्धंअर्धं. तो राबतो, यात वाद नाही. छाटणी, फवारणी, घड विरळणी, सगळं चोख. पण माल तयार झाला आणि व्यापारी बांधावर आला की या माणसाच्या अंगात काय संचारतं, देव जाणे.

गेल्या हंगामात मी पहिल्यांदा त्या बोलणीला हजर होते. व्यापारी सांगलीचा. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात गोडी मोजायचं छोटं यंत्र. त्याने चार घड चाखले, यंत्राला डोळा लावला आणि विचारलं, "काय अपेक्षा?"

दीर म्हणाला, "चार किलोला दोनशे वीस."

व्यापाऱ्याने काहीच उत्तर दिलं नाही. नाही म्हणाला नाही, हसला नाही, कपाळाला आठी घातली नाही. एक घड हातात फिरवत उभा राहिला. तेवढ्यात दिराचं तोंड सुरू झालं. "म्हंजे, दोनशे दहालाबी चालंल. तुमी काय परके न्हाई." व्यापारी गप्पच. "आवं, मागच्या दिसात ढग आलतं, जरा मणी मऊ पडल्यात, त्ये बी धरा तुमी." व्यापारी घडाकडे बघत राहिला. शेवटी दीरच म्हणाला, "दोनशे धरा आन् टाका गाडी."

समोरच्याने तोंडही उघडलं नव्हतं आणि आमच्या माणसाने दोनदा दर पाडून वर स्वतःच्या मालातला दोषही काढून दिला होता! व्यापारी मग मोठ्या मनाने म्हणाला, "बघू, तुमच्यासाठी करू काहीतरी." घरी येऊन दीर सासूबाईंना सांगत होता, लय चेंगट माणूस, पर म्या वाकवला.

मला त्या व्यापाऱ्याचा राग आला नाही. तो आपला धंदा करत होता. माझ्या वडिलांच्या दुकानात हे रोज चालायचं. वडील साडीचा भाव सांगायचे आणि साडीची घडी घालायला लागायचे, गिऱ्हाइकाकडे न बघता. गिऱ्हाईक बोलेपर्यंत ते पुढची साडीसुद्धा काढत नसत. त्यामुळे भाव सांगून झाल्यावरची शांतता हा आपल्यावर आलेला प्रसंग नसतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. ती शांतता दोघांचीही असते. जो तिला घाबरतो तो पैसे भरतो. आमच्याकडे हे काम दीर आनंदाने करत होता.

या हंगामात मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, बोलणी मी करणार. तो म्हणाला, "कर. पण त्याला दुखवू नकोस." दुखवायचं काय? त्याला फक्त गप्प बसवायचं होतं.

व्यापारी यायच्या आधी मी एक गोष्ट केली. शेजारच्या गावात बेदाण्याचं शेड आहे, तिथल्या मालकाकडे जाऊन आमच्या दोन प्लॉटांपैकी वरच्या प्लॉटपुरती जागा धरून ठेवली. खायच्या द्राक्षाला उशीर झाला की माल उतरतो; बेदाण्याला मात्र गोडी जितकी चढेल तितकं बरं. म्हणजे व्यापाऱ्याने ताणलं तरी माझ्या हातात दुसरं काहीतरी राहील. दुसरं काही हातात नसताना गप्प बसणं म्हणजे नुसतं सोंग, आणि सोंग व्यापाऱ्याला लगेच कळतं.

व्यापारी आला, तोच शर्ट, तीच दोन पेनं. बागेत आम्ही तिघे. दिराला मी बजावलं होतं, "भावजी, मी दर सांगितल्यावर तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

"न्हाई बोलत, वैनी. मी काय येडा हाय व्हय?"

मी दर सांगितला, "दोनशे वीस," आणि थांबले. कारण सांगितलं नाही, पाणी कसं दिलं, खत काय टाकलं, काही नाही. त्याने घड उचलला. तोच गेल्या वर्षीचा खेळ, नवी चाल शोधायची तसदीसुद्धा नाही. मी मांडवाच्या तारेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिले, अगदी साधं, उत्तराची वाट बघणाऱ्या माणसासारखं. दिराचे ओठ हलायला लागले. घसा खाकरला, चप्पल मातीत घासली, टोपी काढून पुन्हा घातली. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा बिचारा तोंड दाबून बांधाकडे चालता झाला.

शेवटी व्यापारी बोलला. "एवढं नाही जमणार, ताई."

"मग किती जमेल?"

याची त्याला सवय नव्हती. त्याच्या गप्प बसण्याला लोक सवलतीने उत्तर देतात, प्रश्नाने नाही. तो एकशे नव्वद म्हणाला. मी पुन्हा थांबले. तो एकशे पंच्याण्णव म्हणाला, आणि आपणच वर सरकलो हे ध्यानात आल्यावर घाईने यंत्र खिशात घातलं. "विचार करून कळवतो."

"कळवा," मी म्हटलं.

आणि मग तो गायब झाला.

समोरासमोरचं गप्प बसणं सोपं असतं, माणूस दिसत तरी असतो. फोनवरची शांतता वेगळी. तो खरंच दुसरीकडे माल धरतोय, का घरी बसून आपण घाबरायची वाट बघतोय, हे कळायला मार्ग नसतो. घरात सगळ्यांना फक्त एवढंच दिसत होतं की फोन वाजत नाही. दीर सकाळ संध्याकाळ आभाळाकडे बघायचा. "वैनी, पाऊस आला तर काय करायचं? एक फोन करा की. धा रुपयं सोडा."

"त्याने उत्तर दिलंय का?"

"न्हाई."

"मग दहा रुपये कशाला सोडू? त्याच्या न बोलण्याला?"

हे त्याला कळेना. समोरच्याने नवा भाव दिल्याशिवाय आपण आपलाच भाव खाली आणायचा नाही, एवढी सरळ गोष्ट. पण ज्याला शांतता म्हणजे नकार वाटतो त्याला हे सांगून उपयोग नसतो.

मी एकच फोन केला. दराचं नावही काढलं नाही. "काही अडचण आहे का? गाडीची, पॅकिंगची, पुढच्या गिऱ्हाइकाची? असेल तर सांगा, त्यावर बोलू." कधी कधी माणूस खरंच अडलेला असतो, आणि आपण उगाच त्याला कपटी समजत बसतो. तो म्हणाला, अडचण काही नाही, बघतोय. बघतोय म्हणे! मग मी मोबाईलवर लिहून पाठवलं: दोनशे वीस गुरुवारी संध्याकाळपर्यंत. शुक्रवारी सकाळी वरचा प्लॉट बेदाण्याला तोडणार. त्याने वाचलं. उत्तर दिलं नाही. मीही पुन्हा काही लिहिलं नाही.

बुधवारी तो अचानक दारात हजर. चेहऱ्यावर असा गोडवा की यंत्र लावलं असतं तर आकडा चढला असता. चहा घेता घेता म्हणाला, "मग ताई, दोनशेला नक्की करू. तुमचे भावजी बोलले तसं."

मी दिराकडे पाहिलं. तो जमिनीवरच्या फरशा मोजत होता. "म्हंजे… म्या सहज फोन केलता. म्हटलं, तुमचं आमचं जुनं हाय…"

इतका संताप मला क्वचित आला असेल. पाठीमागून फोन करून या माणसाने स्वतःच्याच बागेचा भाव पाडला होता, आणि तोही समोरच्याने न मागता! पण तिथे दिराला झापत बसले असते तर व्यापाऱ्याला फुकटचा तमाशा मिळाला असता. मी कप खाली ठेवला. "भावजींनी तुम्हाला जे सांगितलं ते त्यांचं मत. भाव मी दिलाय, तो गुरुवारपर्यंत तसाच आहे."

तो थांबला. मीही थांबले. सासूबाई आतून डोकावून परत गेल्या. दीर उठून बाहेर गेला, या वेळी स्वतःहून, आणि त्या घरात त्याने केलेलं ते सगळ्यात शहाणपणाचं काम होतं. व्यापाऱ्याने चहा संपवला, "येतो" म्हणाला आणि निघून गेला.

गुरुवार संध्याकाळ गेली. फोन नाही. मला भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. पण लिहिलेलं करायचं होतं. लिहून मुदत द्यायची आणि ती उलटल्यावर आणखी दोन दिवस थांबायचं, असली पोकळ धमकी देणारी माणसं मला व्यापाऱ्याहून वाईट वाटतात. शुक्रवारी सकाळी बायका आल्या आणि वरच्या मुरमाड प्लॉटची तोडणी सुरू झाली. तिथली गोडी यंत्रावर बाविसाला टेकली होती. क्रेट भरून शेडकडे पहिला टेम्पो गेला.

दुसरा टेम्पो भरत असताना व्यापाऱ्याची गाडी बांधावर आली. क्रेट बघून त्याचा चेहरा उतरला. "अहो, थांबायचं ना ताई! मी येणारच होतो."

"खालचा प्लॉट आहे अजून."

"त्याचं काय?"

"दोनशे वीस."

त्याने घड उचलला नाही. इकडे तिकडे पाहिलं, क्रेट उचलणाऱ्या बायकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "दोनशे पंधरा करा, आत्ता विसार देतो." मी उत्तर दिलं नाही. मुद्दाम नाही, मला खरंच काही म्हणायचं नव्हतं. तो आपणच म्हणाला, "बरं, वीस तर वीस."

विसार घेतला, तोडणीचा दिवस ठरवला, कुणाची मजुरी कुणी द्यायची तेही तिथेच बोलून घेतलं. सगळं नक्की झाल्यावर मग मी त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

बेदाण्यात फार काही सुटलं नाही. शेडचं भाडं, वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायचं डिपिंगचं तेल, मजुरी जाऊन वरचा प्लॉट जेमतेम खालच्याच्या बरोबरीला आला. दिराने हे लगेच हेरलं. "बघा वैनी, तेवढी दगदग कशाला केली?" वरचा प्लॉट तोडला नसता तर खालचा किती रुपयांना गेला असता, हा हिशेब त्याच्या डोक्यात आजही शिरलेला नाही आणि मी तो शिरवायचा प्रयत्न सोडून दिला आहे.

मध्यंतरी पलूसला एका लग्नात तो चार बागाईतदारांच्या घोळक्यात उभा होता. मी वाढायच्या पंगतीजवळ होते, आवाज स्पष्ट येत होता. "व्यापारी गप बसला की आपुन बी गप बसायचं, गड्या. म्या औंदा तसंच केलं. एक शबुद बोललो न्हाई." आणि हे सांगताना त्याला मधे एकदाही श्वास घ्यावा लागला नाही.