तिसरी खोली, नाश्त्यासह

रीलखाली काय लिहायचं यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी घराला वरच्या खोल्या चढवतानाही झाली नव्हती. रील लेकीनं काढली होती. ती नाशिकला नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की येऊन आम्हाला सुधारते. त्र्यंबकच्या रस्त्याला आतल्या बाजूला आमचं गाव आहे. पूजेला आलेले लोक राहायला जागा शोधत असतात, आणि आपल्या तीन खोल्या नुसत्या धूळ खातात, असं तिचं म्हणणं. व्हिडिओ गोड झाला होता. खाली मजकूर मात्र मी लिहायचा, कारण लिहायची हौस मला आहे.

मी पहिल्यांदा लिहिलं ते वाचून लेक म्हणाली, "आई, हा निबंध आहे. लोकांना पहिल्या दोनच ओळी दिसतात. बाकीचं वाचायला बोट लावावं लागतं." मग मी चिडून, दात-ओठ खात, एकेक ओळ कापली. शेवटी झालं ते असं: तीन खोल्या, प्रत्येकीत दोघांची सोय, दोन खोल्यांना आत बाथरूम, तिसरीचं दाराबाहेर; तिसऱ्या खोलीच्या खिडकीतून ब्रह्मगिरी दिसतो. एका खोलीचे एका रात्रीचे अठराशे, नाश्त्यासह. जेवण माणशी अडीचशे, शाकाहारी. कांदा-लसूण नको असेल तर आदल्या दिवशी सांगावं. शेतातली फेरी, पावसाळ्यात भातलावणी, चुलीवर नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी शिकणं, हे सगळं राहणाऱ्यांना मोफत. बुकिंगसाठी खालच्या नंबरवर तारीख, माणसं आणि जेवण कळवा. निम्मी रक्कम आधी भरा, उरलेली आल्यावर. येताना ओळखपत्र आणा. भरलेली रक्कम परत मिळत नाही, तारीख एकदा बदलून मिळेल.

हा शेवटचा नियम माझा. लेकीनं तो जरा कडक आहे म्हटलं, पण ऐनवेळी लोकांनी रद्द केलं तर चिरलेल्या भाज्यांचं काय करायचं, हे तिला कुठे माहीत होतं?

त्या नंबरसाठी वेगळा फोन घेतला. त्यात कुणाचेच नंबर नव्हते. लेकीनं असं काही लावून दिलं होतं की कुणी निरोप पाठवला की पहिलं उत्तर आपोआप जायचं: नमस्कार, आपल्या चौकशीबद्दल आभार, आणि खाली पैसे भरायचा क्यूआरचा चौकोन. मला तर ते फारच भारी वाटलं. मी चुलीशी असले तरी फोन आपला लोकांशी अदबीनं बोलतोय!

आठवडाभरात एका बाईचा निरोप आला. शनिवार, रविवार, दोन रात्री. तिसरी खोली. बाईमाणूस एक. जेवण साधं. सगळं मी सांगितलेल्या क्रमानं लिहिलेलं, जास्तीचा एक शब्द नाही. फोटोच्या जागी गणपती. फोननं आभार मानून टाकले होते, तरी बाईमाणूस एकटी येतेय म्हणून मी वरून माया दाखवली. लिहिलं, "एकट्या असलात तरी काळजी करू नका. घरात बायामाणसं आहेत. आपलंच घर समजा." उत्तर आलं, "बरं."

थोड्या वेळानं निम्मी रक्कम जमा झाली आणि पाठवणाऱ्याचं नाव पडद्यावर आलं. नाव माझ्या नणंदेचं होतं.

तिसरी खोली तिची. लग्न होऊन ती नांदगावला गेली, त्याला जमाना लोटला, पण दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला ती येते ती त्याच खोलीत. तिची पत्र्याची पेटी तिथे असायची. खोली पाहुण्यांसाठी लावताना मीच ती उचलून धान्याच्या खोलीत ठेवायला सांगितली होती. आणि हे सगळं तिला कुणी कळवलंच नव्हतं. मला वाटलं, यांनी बहिणीला सांगितलं असेल. यांना वाटलं, मी सांगितलं असेल. तिनं ते फोनवर पाहिलं, जसं मुंबई-पुण्याच्या अनोळखी माणसांनी पाहिलं तसं.

मी माझ्या फोनवरून तिला लावला. "ताई, अहो हे काय केलंत? पैसे कसले भरता?"

"शनिवारी येते ना," ती म्हणाली. "बुकिंग केलंय."

हे दाराशी उभे होते. "चिडली असेल. दोन दिवसांत उतरेल," म्हणाले. मला इतका संताप आला की मी त्यांच्या हातातला चहा काढून घेतला. सासूबाई जाऊन दोन वर्षं झालीत. आई गेल्यावर बाईचं माहेर तिच्या भावजयीच्या हातात असतं, आणि मी ते रात्रीचे अठराशे लावून जगाला दाखवलं होतं. ती चिडली असती तर बरं, असं मला वाटत होतं. ती चिडलेली नव्हती. ती परकी होऊन येत होती, आणि त्याची मला भीती वाटत होती.

शनिवारी दुपारी ती जीपमधून उतरली. दर वेळी तिच्या दोन्ही हातांत पिशव्या असतात, शेंगा, कांदे, कसलं तरी लोणचं. गेटपासूनच तिची हाक सुरू होते आणि ती चपला काढून सरळ स्वयंपाकघरात घुसते, भांड्यांवरची झाकणं उचलून बघते. त्या दिवशी तिच्या खांद्याला एकच बॅग होती. ती ओसरीवरच्या खुर्चीत बसली, बॅगेतून आधार कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"आणायला सांगितलं होतं तुम्ही," ती म्हणाली.

ती मला कायम "वहिनी, तू" म्हणते. तिचा भाऊ उगाच हसला आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाला, भित्रा मेला.

ती खोलीत गेली. जिथे पेटी असायची तिथे आता छोटं टेबल आणि त्यावर झाकलेला पाण्याचा जग होता. ती त्या जागेकडे बघत राहिली, पण पेटी कुठे गेली ते तिनं विचारलं नाही. जेवायला बोलावलं तेव्हा टेबलाशी बसली. मी वाढलं, तिनं खाल्लं, "छान झालंय" म्हणाली. स्वतःचं ताट उचललं नाही. या घरात तिनं ताट उचललं नाही असं कधी झालं नव्हतं. स्वयंपाकघराचा उंबरा तिनं ओलांडला नाही तो नाहीच. मी तिची माफी मागणार होते, चार वेळा तोंड उघडलं, पण ती दर वेळी इतक्या नम्रपणे "काय हो?" म्हणायची की मी पुन्हा भातच वाढायचे.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर ती म्हणाली, "भाकरी शिकवणार ना? लिहिलंय तुम्ही. मोफत."

मी शहरातली. बाबा कचेरीत, घरी पोळ्या. लग्न होऊन इथे आले तेव्हा नागलीचं पीठही पाहिलं नव्हतं. ही तेव्हा लग्नाची होती. सासूबाई शेतावर गेल्या की दुपारी मला चुलीपुढे बसवायची. पाण्याला उकळी आणायची, मीठ टाकायचं, पीठ घालून झाकायचं, गरम असतानाच मळायचं. माझी बोटं भाजायची, भाकरी तुटायची, मी रडायचे. ती तुटलेल्या भाकरी स्वतः खाऊन टाकायची आणि तिनं थापलेल्या भाकरी संध्याकाळी माझ्या म्हणून सासूबाईंपुढे ठेवायची. महिनाभर सासूबाई माझं कौतुक करत होत्या ते तिच्या हाताचं.

"चला," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

परसातल्या चुलीशी दोघी बसलो. पाहुण्यांना सांगते तसं मी सांगायला लागले. पाण्याला आधण येऊ द्या, पीठ एकदम घाला, चटका बसेल जरा. ती शहाण्या मुलीसारखी मान डोलवत होती. मी गोळा तिच्या हातात दिला. तिनं तो हातात धरला आणि मला वाटतं, ती मुद्दाम बिघडवणार होती. एक-दोन थापट्या वेड्यावाकड्या मारल्याही. पण हात ऐकेनात. गोळा फिरायला लागला, कडा आपोआप सारख्या होत गेल्या आणि भाकरी तव्यावर पडली ती चंद्रासारखी गोल. तिनं वरून पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्याला लावली. भाकरी टम्म फुगली.

"मला नाय येत वाईट करायला," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मीही रडले. धुरावर ढकलायची सोय होती, पण मी ढकललं नाही. "माझं चुकलं ताई," मी म्हणाले. "सरळ चुकलं. खोली लावताना तुम्हाला फोन करायला हवा होता. पेटी हलवताना तर आधी करायला हवा होता. उद्याच ती ओळ काढते. दोनच खोल्या लिहिते."

तिनं पदरानं नाक पुसलं. "येडी हायस का तू? येऊ दे की माणसं. खोली काय माझ्याविना रडती का? मला राग खोलीचा नाय, वहिनी. तू मला लिहिलंस, आपलंच घर समजा. तेवढं वाचलं अन् दिवसभर गिळलं नाय काही."

"मला माहीत नव्हतं ते तुम्ही आहात."

"तेच तर," ती म्हणाली.

मग तिनं दुसरा गोळा घेतला आणि माझ्या हाताला फटका मारून म्हणाली, की पाणी कमी घातलंस, पाहुण्यांना असलं शिकवतेस? दुपारी तिनं स्वयंपाकघरातली सगळी झाकणं उचलून पाहिली आणि आमटीला नावं ठेवली. यांनी पेटी उचलून परत तिसऱ्या खोलीत आणली, टेबल खाटेच्या पलीकडे सरकवलं. त्यांना टोमणा मारायचा होता, तेवढी शिक्षा मी माफ केली.

निघताना मी तिचे पैसे परत पाठवायला फोन उघडला. तिनं माझा हात धरला.

"परत मिळत नाय. तू लिहिलंयस."

"ताई, पुरे झालं आता."

"तारीख बदलून मिळती ना एकदा? मग बदलून दे. आखाजीला लाव."

मी वहीत तिसऱ्या खोलीपुढे आखाजी लिहिलं. पुढे साल लिहायला लागले तशी तिनं पेन काढून घेतलं.

"एकदाच बदलून मिळती म्हणतेस," ती म्हणाली. "मग साल नको लिहू."