अकरा दारं

गोरोबांना गावात आडनावानं कोणी ओळखत नाही. ‘नकाशेवाले’ म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवतं. बांधकाम खात्यात तेहतीस वर्षं ते आरेखक होते. सह्या साहेबांच्या आणि रेघा गोरोबांच्या, असा तो सगळा संसार. निवृत्त होऊन सास्तूरच्या पलीकडच्या आपल्या गावी परतले, तरी कानावरची पेन्सिल काही उतरली नाही. बायको तारामती म्हणायची, “अंघोळीला तरी काढून ठिवत जावा तिला.”

तारामतीला साखर होती. रोज चाला, असं डॉक्टरांनी बजावलेलं. गावात चालायला जागा कुठली? ती बिचारी डांबरी सडकेच्या कडेनं चालायची आणि उसाचा ट्रॅक्टर आला की पदर सावरत नालीत उतरायची. गोरोबांना ते बघवेना. भूकंपानंतर गाव नव्यानं वसवलं तेव्हापासून मध्यभागी तीस गुंठे जागा बागेसाठी मोकळी पडलेली होती. सरपंच अमरनाथला त्यांनी गाठलं आणि सांगितलं, “नकाशा म्या फुकट काढतो. तू फकस्त ठराव कर.”

ठराव झाला. गोरोबांनी पुनर्वसनाचा जुना नकाशा मिळवला. दक्षिणेला सडक, तिथं पिठाची गिरणी आणि दूध डेअरी. उत्तरेला अकरा घरांची ओळ, आणि नकाशात त्या अकराही घरांची दारं बागेकडं. गोरोबा हरखून गेले. बाग कशानं सुरक्षित राहते हे त्यांना ठाऊक होतं. पहारेकऱ्यानं नाही, आजूबाजूच्या माणसांच्या सहज पडणाऱ्या नजरेनं. दोनशे मीटरची गोल वाट आखली आणि सगळे बाक त्या अकरा दारांसमोर मांडले. सडकेची धूळ आणि गडबड नको म्हणून सडक आणि वाटेच्या मधे मेंदीचं कुंपण लावलं. चार उंच दिवे मधोमध उभे केले.

मोजमाप घेतलं तेव्हा त्या ओळीपुढं वेड्या बाभळीचं रान माजलेलं होतं. रान निघाल्यावर दिसल्या त्या नुसत्या भिंती. दार एकही नाही. भूकंपात ज्यांची माणसं गेली, त्यांना दक्षिणेकडं दार असलेलं घर नको होतं. यम त्या दिशेनं येतो म्हणतात. ताबा मिळाला त्याच वर्षी एकेकानं विटा लावून दारं बुजवली आणि उत्तरेकडून नवी पाडली. गोरोबा नोकरीपायी गावोगाव हिंडत होते, आणि नकाशा तर कोणी बदललाच नव्हता.

तारामतीनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. “अवो, त्या अंगाला निस्त्या भिंती हायेत. तिकडनं जाताना कसंतरीच व्हतंय.”

गोरोबांनी चक्क कागद उलगडून तिच्यापुढं धरला. “अगं, अकरा दारं हायेत इथं. आज बंद असतील. बाग फुलली की उघडतील लोक.”

तिनं कागदाकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि हसून चप्पल घातली. तेहतीस वर्षं रेघा ओढलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?

दोन वर्षांत मेंदी डोक्याएवढी झाली. दिव्यांचा उजेड बागेतल्या जुन्या कडुनिंबांच्या फांद्यांनी गिळला. त्या कार्तिकात, दिवेलागणीच्या वेळी, तारामती भिंतीकडच्या बाकाजवळ छातीवर हात धरून खाली बसली ती उठलीच नाही. सडकेवर डेअरीपुढं वीस माणसं कॅन घेऊन उभी होती. भिंतीपलीकडं अकरा घरांत चुली पेटल्या होत्या. पाऊण तास ती तिथं पडून होती. दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, “वेळ फार गेला, काका.”

तेराव्यानंतर ग्रामसभा भरली. अमरनाथनं प्रस्ताव मांडला. सहा फुटी भिंत बांधू, कॅमेरे बसवू, सहाला कुलूप लावू. लोकांनी माना डोलावल्या.

गोरोबा उठले. त्यांचा आवाज फाटलेला होता. “कॅमेरा बघतो, पर पळत येत न्हाय. आन् भिंत घालून काय करताव? भिंतीनंच तर गेली ती. चूक माझी हाय. म्याच दुरुस्त करणार.”

अमरनाथनं प्रस्ताव मागं घेतला.

मेंदी गुडघ्यापर्यंत कापली गेली. कडुनिंबाच्या खालच्या फांद्या डोक्यावर दोन हात उंचीपर्यंत छाटल्या. उंच खांब काढून बारा फुटांचे, वाटेच्या कडेनं सारख्या अंतरावर लावले, मधे कुठं काळोखाचा पट्टा राहू नये म्हणून. समोरून येणाऱ्याचा चेहरा पंधरा पावलांवरून ओळखू आला पाहिजे, असं म्हणत गोरोबा स्वतः तिन्हीसांजेला उभे राहून तपासत. निम्मे बाक त्यांनी डेअरीसमोर हलवले. सडकेकडून आता पार आतलं दिसत होतं. तरी उत्तरेची कड सडकेपासून लांबच पडायची, आणि बायका तिथपर्यंत येऊन माघारी वळायच्या. तारामती जिथं पडली तिथं कोणी पाऊल टाकत नव्हतं.

भिंतीपलीकडचं घर दगडाबाईचं होतं. वय बहात्तर. भूकंपात नवरा आणि दोन लेकी गेल्या, तेव्हापासून एकटीच. गोरोबा तिच्या अंगणात जाऊन बसले आणि मान खाली घालून म्हणाले, “मावशी, ते बुजवलेलं दार उघडता का?”

“न्हाय रे बाबा. त्या अंगानं दार नगं. तीन न्हेली माझी.”

गोरोबांनी हट्ट केला नाही. कागद दाखवून एकदा बायकोला गप्प केलं होतं, तेवढं त्यांना जन्माचं पुरलं होतं. ते उठले. फाटकापर्यंत गेले असतील, तेवढ्यात मागून म्हातारीचा आवाज आला.

“गोरोबा, त्या सांजंला मला हाक आल्यासारखं झालतं.” तिची बोटं लुगड्याच्या काठाशी चाळा करत होती. “म्या म्हनलं, शेजारचा टीव्ही आसंल. सुपातलं निवडत बसले. आता रोज त्या टायमाला तीच हाक येतीया.”

गोरोबा तिथंच उकिडवे बसले. दोघंही बराच वेळ रडली. मग दगडाबाईनं डोळे पुसले आणि विचारलं, “खिडकी चालंल का? यम काय खिडकीतनं येत न्हाय.”

दुसऱ्या दिवशी गोरोबा टेप घेऊन आले. म्हातारीला नेहमीच्या जागी, चटईवर, सूप मांडीवर घेऊन बसायला लावलं आणि जमिनीपासून तिच्या डोळ्यांपर्यंत माप घेतलं. अडीच फूट भरलं. खिडकीची खालची कड त्यांनी दीड फुटावर धरली. गवंडी कुरकुरला, एवढ्या खाली कुठं खिडकी असते का? गोरोबा म्हणाले, “बसलेल्या बाईला दिसाय पायजे. उभं राहून कोन बघत बसतंय?”

दगडाबाईची खिडकी बघून शेजारच्या शिवम्मानं पाडली, मग आणखी दोघींनी. अकरांतल्या चार झाल्या. बायका हळूहळू पूर्ण फेरी मारू लागल्या. दगडाबाई सुपातून मान वर करून एकेकीला नावानं हाक मारायची. गोरोबा मात्र सडकेकडच्या बाकावरूनच बघायचे.

वर्षश्राद्धाच्या दिवशी, दिवेलागणीला, ते पहिल्यांदा तिकडं गेले. तारामती पडली होती त्या फरशीवर खिडकीचा उजेड आला होता. त्यांनी तिथून खिडकीपर्यंत पावलं मोजली. अठरा. फक्त अठरा पावलं.

“कोन, गोरोबा? का उभा हायेस?”

“काय न्हाय मावशी. म्या दिसतो का, तेवढं बघत व्हतो.”

“दिसतूस की. समदं दिसतंय हितनं.”

गोरोबा बाकावर बसले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी खिशात टाकली आणि तोंड ओंजळीत घेतलं. खिडकीतून दगडाबाईला ते दिसलं. सूप बाजूला सारून ती उठली आणि गजांतून पाण्याचा तांब्या बाहेर धरून उभी राहिली.