शिंपीणकाकूंचा वारा

आमच्या शेजारच्या शिंपीणकाकू वाऱ्याच्या जन्माच्या वैरी. शिवणयंत्राशेजारी कापडाचे तुकडे आणि मापाचे कागद मांडलेले असायचे. झुळूक आली की सगळं घरभर. म्हणून खिडक्या बंद, पंखाही जेमतेम फिरता. उत्तरेची खिडकी गच्च लावलेली, आणि समोरची, इमारतीच्या मधल्या चौकात उघडणारी, कापडाच्या कपाटामागे गाडलेली. स्वतः मात्र पश्चिमेच्या खिडकीशी बसायच्या. का, तर सुई दिसायला उजेड हवा!

उन्हाळ्यातल्या एका दुपारी उकाड्याने काकूंना यंत्रावरच घेरी आली. मुलगा धावत आला आणि त्याने ठरवूनच टाकलं: शहराबाहेर त्याच्याकडे राहायचं. तिथे ना गिऱ्हाइकं, ना ओळखीचं कुणी. काकूंचा चेहरा उतरला, पण जिद्द हलली नाही. एवढंच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी भर दुपारी ये. तुला हे घर नाही सोसवलं, तर मी बॅग भरते."

मग आम्ही दोघींनी भिंती चाचपल्या. उत्तरेची थंड, पश्चिमेची तव्यासारखी. दुपारभर ऊन पिऊन ती भिंत संध्याकाळभर खोलीत ओकत होती, आणि काकू तिलाच पाठ लावून बसत होत्या! मी हसले. त्या माझ्यावर रागावल्या, मग स्वतःवर.

काकूंनी उत्तरेची खिडकी उघडून तिथे कापडाची चिंधी टांगली. चिंधी ढिम्म. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाटच नव्हती. आम्ही धापा टाकत कपाट ओढलं, चौकाची खिडकी उघडली, आणि चिंधी फडफडायला लागली. काकूंनी टाळीच वाजवली.

कपाट पश्चिमेच्या भिंतीशी, थोडं अंतर सोडून उभं केलं. त्या खिडकीवर बाहेरून जाड कापडाची झडप लावली. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ओढून काय फायदा? यंत्र उत्तरेला गेलं. तिथे दिवसभर सारखा उजेड, डोळे दिपत नाहीत. कागदांवर जुन्या कात्र्या ठेवल्या. उन्हाळा काही पळाला नाही, पण अंगावरून हवा जाऊ लागली आणि घाम वाळू लागला.

रविवारी मुलगा आला तो कपाळाला आठ्या घालूनच. मीही मुद्दाम जाऊन बसले. तमाशा कोण सोडतं? त्याने पश्चिमेच्या भिंतीपाशी हात नेला, खिडक्या पाहिल्या, आईची थट्टाही केली. मग सहज म्हणून जमिनीवर आडवा झाला, आणि बोलता बोलता घोरायला लागला.

काकू माझ्याकडे बघून अशा हसल्या की मला भरून आलं. त्यांनी आवाज न करता माळ्यावरून रिकामी बॅग काढली, गुंडाळली, आणि त्याच्या डोक्याखाली उशी म्हणून सरकवली. मग यंत्राशी जाऊन बसल्या.