महत्त्वाचे तीन परिच्छेद

साठच्या दशकात मी मालवणच्या एका लहान मत्स्य संशोधन केंद्रात नोकरीला होतो. बांगडा आमच्या किनाऱ्यावर अंडी कधी धरतो, याची नीट नोंद कुणीच केली नव्हती. त्या अभ्यासाला अनुदान मागायचे होते आणि प्रस्तावातला 'अभ्यासाचे महत्त्व' हा भाग लिहायचे काम माझ्याकडे आले.

आमचे घर रापणकरांचे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्यांचे. रापण ओढताना दोरीला हात लावील त्याला मासळीचा वाटा, मग तो कुणीही असो. त्याच सवयीने मी लिहिले! प्रत्येक वाक्यात शास्त्राला वाटा, मच्छीमाराला वाटा, सरकारलाही वाटा. घरी बाबांना ते मालवणीत सांगितले. मासळी घटल्यामुळे ते जाळे विकायच्या बेतात होते. ऐकून त्यांनी आलेले गिऱ्हाईक परत पाठवले. मला आभाळ ठेंगणे झाले.

आमच्या प्रमुखांनी मात्र मसुद्यावर सरळ रेघ ओढली. "अहो, ही रापण नव्हे. सगळ्यांना एकाच ढिगातून कसं वाटता? ज्ञानात काय भर पडेल ते वेगळं लिहा. मच्छीमाराला काय उपयोग, आणि कधी, ते वेगळं. आणि धोरणात तुम्ही कायदा करणार नाही, फक्त त्याला आधार देणार. जेवढं हातात आहे तेवढंच कबूल करा."

मी चिडलो, पण लिहायला बसलो. पहिला परिच्छेद सोपा गेला: या किनाऱ्यावरच्या बांगड्याच्या विणीची नोंद नाही, ती होईल. दुसऱ्यात लिहिले की दोन हंगामांच्या नोंदी जुळल्या, तर गाभोळीचा, म्हणजे अंड्यांनी भरलेला, बांगडा कोणत्या दिवसांत सोडून द्यावा हे रापणकरांना सांगता येईल. तिसऱ्यात, जाळ्याच्या आसाचा, म्हणजे छिद्रांच्या मापाचा, किंवा बंदीच्या काळाचा नियम करायचा झाल्यास सरकारपुढे आकडे असतील. सरांनी एक शब्दही बदलला नाही.

तेही मी हौसेने बाबांना वाचून दाखवले. बाबा पडवीत जाळे सांधत होते. त्यांनी दुसरा परिच्छेद पुन्हा सांगायला लावला.

"म्हणजे दोन वर्सां तू मासो बघतलंस. मगे आमका सांगतलंस. मगे सरकाराक वाटला तर कायदो."

"होय, बाबा."

"पयल्या वेळेक माका वाटला, ह्या सगळा येत्या हंगामाकच होतला." त्यांनी हातातली गाठ ओढून घट्ट केली. "आता बरा लिवलंस रे. आता समाजला."

त्याच आठवड्यात त्यांनी जाळे विकले. गिऱ्हाईक बैलगाडी घेऊन आले, तेव्हा आई चुलीपाशीच बसून राहिली, बाहेर आली नाही. मला ते बघवले नाही.

अनुदान मंजूर झाले. महत्त्वाचे निवेदन अतिशय स्पष्ट आहे, असा खास शेरा होता. केंद्रात सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. सर बरोबर होते, हे मला तेव्हाही कळत होते, आणि म्हणूनच मला कुणावर रागावताही आले नाही.