झाकणावरचं पाणी

काचेच्या भांड्यांचं मला पहिल्यापासून कौतुक नाही. पोरीनं नागपूरहून केक भाजायची छोटी विजेची भट्टी आणली, सोबत झाकणासकट काचेचा कॅसरोल आणला, तेव्हाच मी म्हटलं होतं, "बाई, हे आपल्या गोरेगावच्या ओट्यावर टिकायचं नाही." आणि टिकलं नाहीच. पण मोडलं ते माझ्याच हातून. रव्याचा केक भट्टीतून काढला आणि भांडं तसंच काळ्या ओट्यावर टेकवलं. ओटा नुकताच पुसलेला, ओला होता. टक्क असा आवाज झाला आणि बुडातून तडा वर चढत गेला. केक गेला, भांडं गेलं, आणि मी पोरीला फोन करून उलट तिलाच चार शब्द सुनावले.

पोर शांतपणे म्हणाली, गरम भांडं कोरड्या जाड फडक्यावर ठेवायचं, गार दगडावर नाही, फ्रीजमधलं तर तापलेल्या भट्टीत कधीच नाही. पुढं आमच्या जिल्ह्याच्या गावी, गोंदियाला, भांड्यांच्या दुकानात गेले तेव्हा दुकानदारही तेच बोलला. "भाभी, काँच गरम भी सह लेता है, ठंडा भी. दोनों एकदम नहीं सहता." तापलेली काच फुगलेली असते. गार पाणी लागलं की वरचा थर झटक्यात आक्रसतो, आतला फुगलेलाच राहतो. मग वरचा ताणला जातो, आणि ताण काही काचेला झेपत नाही. एवढी साधी गोष्ट. मला ती एकदाच सांगावी लागली. माझ्या सासूला मी किती वेळा सांगितली याचा हिशेब नाही.

तेव्हा सासूबाईंचं विसरणं सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग नातेवाइकांची नावं, मग सकाळ आहे की संध्याकाळ. पण स्वयंपाक त्यांच्याच हातचा. आमचं धानाचं शेत आणि समोरच्या खोलीत किराण्याचं दुकान, त्यात मी आणि हे दिवसभर अडकलेले. घराचं पोट सासूबाईंनीच सांभाळलं होतं. फक्त एक व्हायला लागलं. गंजावर, म्हणजे पातेल्यावर, स्टीलचं ताट झाकलं की आत काय शिजतंय हेच त्या विसरायच्या. झाकण काढायच्या, मीठ टाकायच्या, झाकायच्या, परत काढायच्या, परत मीठ. एकदा वरणात चहापत्ती पडली. ह्यांचा जीव तीळतीळ तुटायचा आणि तोंडातून मात्र निघायचं, "आता हिला गॅसपाशी जाऊ देऊ नको."

मोडलेल्या कॅसरोलचं झाकण तेवढं फडताळात उरलं होतं. काचेचं, पसरट, खोलगट. एक दिवस ताट सापडेना म्हणून मी तेच भाजीच्या गंजावर ठेवलं. चपखल बसलं. सासूबाई आल्या, वाकून काचेतून पाहिलं आणि म्हणाल्या, "वांगे हायत ना. शिजून राहिले." बस्स. झाकण काढलं नाही, मीठ टाकलं नाही. मला ओट्यापाशीच रडू कोसळलं. एवढ्याशा काचेनं सासूबाईंचा स्वयंपाक त्यांना परत दिला होता. आत दिसतंय ते लक्षात ठेवायची गरजच नव्हती.

पण देव एका हातानं देतो. आमच्याकडं भाजी खाली लागू नये म्हणून वरच्या झाकणात पाणी ठेवायची रीत आहे. वाफ वरच्या वर गार होते, भाजी आपल्याच रसात शिजते. वरचं पाणी तापलं की तेच भाजीत ओतायचं आणि झाकणात परत गार पाणी भरायचं. सासूबाईंनी हे जन्मभर केलं, स्टीलवर, पितळेवर. डोक्यातून सगळं निसटलं तरी हात ही रीत विसरले नव्हते. झाकण खोलगट दिसलं की पाण्याचा गडवा उचललाच.

पहिले काही दिवस काही झालं नाही. ही चांगली काच थोडंफार सोसते, तोच तर घात आहे. मला वाटलं, जमलं. मग एक दिवस त्यांनी गरम पाणी भाजीत ओतलं, झाकण तसंच कोरडं ठेवून मिरच्या आणायला गेल्या, परत आल्या आणि फ्रीजमधली बाटली त्यावर रिकामी केली. मी दुकानातून आवाज ऐकला. लांब लांब तुकडे ओट्यावर, आणि सासूबाई कोपऱ्यात हात छातीशी धरून.

"कोणं फोडलं वो?" त्यांनी मलाच विचारलं.

"तुम्हीच, आई. गार पाणी कायले टाकलं?"

"मंग का भाजी जाळू? तुह्या मायनं काही शिकवलं नाही का तुले?"

मला हसू आलं आणि रागही आला. ह्यांना मात्र हसू आलं नाही. "हे शेवटचं," ते म्हणाले. "अजून एक फुटलं तर मी गॅस बंद करून टाकीन. अंगावर उडालं तर डोळा जाईल तिचा." खोटं काय बोलले? पण गॅस बंद म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. सासूबाईंपाशी तेवढंच उरलं होतं. ना नावं, ना वार. चुलीपुढं उभ्या राहिल्या की त्या त्या होत्या.

म्हणून मी पेटले. गोंदियाहून तसलाच कॅसरोल आणला, फक्त झाकणासाठी. घरी नियम केले. झाकण गंजावर चढवतानाच त्यात कोमट पाणी घालायचं, म्हणजे काच आणि पाणी सोबतच तापतात. नंतर भर घालायची ती थर्मासातल्या गरम पाण्याचीच. म्हणून थर्मास गॅसच्या बाजूला, हाताला सापडेल असा. गडवा, मग, पेला, सगळं स्वयंपाकघरातून बाहेर. फ्रीज पुढच्या खोलीत. तारेची घासणी फेकून दिली, कारण ओरखडे पडलेली काच लवकर दगा देते. झाकण निवलं की मगच धुवायचं, तेही मी. आच मोठी झाली की गंजाच्या कडेनं ज्वाळा वर येतात आणि झाकणाच्या कडा भाजतात, म्हणून बारीकच ठेवायची. हे हसायचे. "तू काय प्रयोगशाळा उघडली का?" मी म्हणायची, "तुमच्या मायसाठी उघडली. हसा."

आणि खरंच चाललं. सगळी दिवाळी सासूबाईंच्या हातची झाली. थर्मासाची त्यांच्या हाताला सवय झाली होती. काचेतून बघायच्या, "पाय वो, कसे मस्त उकळून राहिले," म्हणायच्या, आणि माझ्या पाठीवर थाप मारायच्या. मला वाटायचं, आपण जिंकलो. केवढी मूर्ख!

पौषातली थंडी होती. आमच्याकडं थंडी हाडात शिरते, टाकीचं पाणी हात कापतं. मी गच्चीवर धानाच्या पोत्यांवर ताडपत्री टाकायला गेले होते. खाली वांगं आणि वालाची भाजी शिजत होती, आच बारीक होती, झाकणात पाणी होतं, थर्मास भरलेला होता. सगळं मी स्वतः पाहून वर चढले. काय झालं ते मागून लक्षात आलं. त्यांना थंडी वाजली असेल, म्हणून आच मोठी करून हात शेकले. झाकणातलं पाणी आटलं. खाली भाजी लागली. जळका वास आला आणि थर्मास दिसायच्या आधी हात नळाकडं गेले. नळ मी कुठं बंद करणार होते? वाटी भरून पाणी घेतलं आणि त्या भाजलेल्या काचेवर ओतलं.

मी उतरले तेव्हा ओटा लख्ख पुसलेला. गंजावर स्टीलचं ताट. सासूबाई पाटावर बसून कोथिंबीर निवडत होत्या, चेहऱ्यावर समाधान. काचेचं झाकण दिसलं नाही, तर मला वाटलं, धुवायला ठेवलं असेल. ताट झाकायचं सुचलं त्यांना, याचंच मला अप्रूप वाटलं. अजून थोडं भान शिल्लक आहे, म्हटलं.

हे जेवायला बसले. सासूबाईंनी स्वतः वाढलं, भातावर भाजी, वर तेल. दुसऱ्या घासाला ह्यांच्या दातांखाली कचकन् आवाज झाला. घास ताटात थुंकला तर पांढऱ्या भातावर रक्त. जीभ कापली होती. मी भाजीत पळी घातली. रश्श्यात काचेच्या सळ्या होत्या, काही केसासारख्या बारीक. मोठे तुकडे सासूबाईंनी वेचून कचऱ्यात टाकले होते. बोटं चिरली होती त्यांची, पदराला पुसलेली. फुटलेलं त्यांना दिसलं, वेचलं, आणि वेचता वेचता ते का वेचतोय हे विसरल्या. मग भाजी आहे, म्हणून झाकली.

"काऊन थुंकला रे?" त्यांनी लेकाला विचारलं. "मीठ जास्त झालं का?"

हे बोलू शकत नव्हते. तोंडावर फडकं धरून त्यांनी मान हलवली, नाही. सासूबाईंनी त्यांच्या ताटाकडं हात नेला, चव पाहायला. मी ते ताट हिसकावलं. गंज तसाच उचलून अंगणात उपडा केला. त्या ओरडल्या, "अन्न फेकते? लक्ष्मी हाय ते!"

त्याच दिवशी ह्यांनी गॅसची नळी काढली. आता गॅस मागच्या पडवीत आहे, दाराला कडी, मी एकटी रांधते. ह्यांच्या जिभेला टाका घालावा लागला, तो सुकला. पोरगी फोनवर विचारते, आजी कशी आहे, मी म्हणते, बरी आहे. माझ्याइतकी खबरदारी कोणी घेतली नसेल. कोमट पाणी, कोरडं फडकं, बारीक आच, सगळं बरोबर होतं. बरोबर असूनही टळलं नाही, हेच मला सोसवत नाही. मी काचेला जपलं. त्यांना जपायचं काही साधन कोणत्याच दुकानात मिळत नव्हतं.

चूल दिसेनाशी झाली तसं हे घर त्यांना ओळखू येईना. आता रोज दुपार कलली की त्या एका पिशवीत लुगडं भरतात, चप्पल घालतात, आणि दुकानाच्या दाराशी येऊन मला हात जोडतात.

"बाई, लई दिवस राह्यले तुमच्या घरी," म्हणतात. "खाऊ घातलं, उपकार झाले. आता मले माह्या घरी सोडून द्या. घरी माह्या लेकाचं जेवण राह्यलं करायचं."