एकोणीस स्लाइड आणि एक पान

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत. ती कधी शाळेत शिकवायला गेली नव्हती. पंचवीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, छापखाना बंद पडला आणि बावन्नाव्या वर्षी ती या सॉफ्टवेअर कंपनीच्या मार्केटिंग विभागात मजकूर लिहायला लागली. लाल पेन मात्र सुटलं नाही. कुणाच्या कागदावर ‘अत्यंत’ दिसलं की ते कापायचंच, मग तो कागद साहेबांचा का असेना. नाव पडायला एवढं पुरे होतं.

सोमवारी सकाळी साहेबांनी तिच्या टेबलावर एक प्रेझेंटेशन आणून टाकलं. साहेब तिच्या लेकीच्या वयाचे, बोलायला गोड, घाईतच जन्मलेले.

“ताई, याचं एक पान करायचंय. यशोगाथा. ग्राहक स्वतः बोलतोय असं वाटलं पाहिजे. शुक्रवारी प्रदर्शनासाठी छपाई.”

एकोणीस स्लाइड होत्या. एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघराला कंपनीने चादरी मोजायची यंत्रणा विकली होती. प्रत्येक चादरीच्या दुमडीत शिवलेला छोटा टॅग, दारादारांत तो वाचणारं यंत्र, कुठली चादर कुठून निघाली आणि कुठे पोचली याची आपोआप नोंद. मास्तरीण कामाला लागली. कंपनीच्या टीमचा फोटो गेला, बाणाबाणांची आकृती गेली, पुढच्या तीन वर्षांच्या योजनेच्या चार स्लाइड गेल्या. एका पानात मावतं ते एवढंच: आधी काय दुखत होतं, काय बदललं, एक आकडा, आणि ज्याचं दुखलं त्याच्या तोंडची चार वाक्यं. खाली त्याचं नाव, हुद्दा, फोटो.

आकडा चौदाव्या स्लाइडवर होता. ‘हरवणाऱ्या चादरी ६२ टक्क्यांनी कमी!’ त्याखाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: तीन वॉर्ड, चाचणीचे आठ आठवडे. मुद्रितं तपासणाऱ्या डोळ्यांना मुंगीचीही पावलं दिसतात.

आणि चार वाक्यं? ती कुठेच नव्हती.

“वाक्यं आपणच लिहायची,” साहेब म्हणाले. “‘या यंत्रणेने आमचं आयुष्यच बदललं’ वगैरे. खाली हॉस्पिटलच्या संचालकांचं नाव. त्यांच्या ऑफिसकडून होकार येतो. सगळे असंच करतात.”

“संचालक कधी धुलाईघरात गेलेत?”

“त्याचा काय संबंध?”

“मग मी धुलाईघराला फोन लावते,” असं म्हणून तिने लावलासुद्धा.

फोन धुलाईघराच्या प्रमुख बाईंनी उचलला. मागे यंत्रांची घरघर. आयुष्य बदललं का, असं विचारल्यावर बाई खळखळून हसल्या.

“आयुष्य कसलं बदलतंय बाई, चादरी त्याच आणि डागही तेच. पण एक सांगते. लिहाल का ते?”

“तेच लिहिणार.”

“दोन वर्षं आम्हाला चोर म्हणत होते. चादरी हरवल्या की बोट धुलाईघराकडे. घरी जाताना माझ्या अकरा बायकांच्या पिशव्या उघडून बघायचे, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. मग हे टॅग आले. पहिल्याच महिन्यात दिसलं, आमच्या दारातून जेवढ्या आत येतात तेवढ्याच बाहेर जातात. एक कमी नाही. तूट आमच्या दारापर्यंत यायच्या आधीच होती. दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवलेल्या पेशंटबरोबर गाडीतून जायच्या, त्या परत मागायचं कुणाला सुचलंच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी!”

“आणि बासष्ट टक्के?”

“ते तीन वॉर्डांचं. सगळं हॉस्पिटल आणि पूर्ण वर्ष धरलं तर एकतीस. तेही थोडं नाही हो.”

मास्तरणीने शब्द न् शब्द उतरवून घेतला, बाईंना वाचून दाखवला, आणि मग पान बांधलं. वर एकतीसचा आकडा, त्याला वर्षभराची मुदत आणि ‘संपूर्ण हॉस्पिटल’ असं स्पष्ट लिहून. मध्ये बाईंचं बोलणं, त्यांच्याच चालीत; खाली त्यांनी पाठवलेला फोटो. मथळा होता: ‘आमच्यावरचा आळ गेला.’

साहेबांनी ते वाचलं आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“बासष्टचं एकतीस? प्रदर्शनात लोक हसतील ताई! आणि आळ काय, चोर काय… ही यशोगाथा आहे की फिर्याद?”

“बासष्ट छापायचं तर ‘तीन वॉर्ड, आठ आठवडे’ त्याच टाइपात छापा. खाली मुंग्या सोडायच्या नाहीत.”

“ग्राहकाला चालतंय, तर तुम्हाला का खुपतंय?”

“कारण माणसाच्या तोंडी वाक्य घालायचं तर ते त्याच्या तोंडून निघालेलं असावं लागतं. नाहीतर दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. माझा हात लागणार नाही.”

घरी लेक म्हणाली, “आई, नोकरी आहे ती, स्वातंत्र्याची लढाई नाही. काढून टाकतील.”

“टाकू देत,” मास्तरीण म्हणाली आणि ताट वाढून घेतलं. या वयात दुसरी नोकरी कोण देणार, हे तिलाही कळत होतं. राग यायचा तो त्याचाच.

साहेबांनी मधला मार्ग काढला. पान हॉस्पिटलच्या संचालकांकडे मंजुरीला पाठवलं. बुधवारी उत्तर आलं: आकडा ठीक आहे, आळाचा मजकूर आणि मथळा काढावा. हॉस्पिटलची प्रतिमा खराब होते. साहेबांचा चेहरा खुलला.

“बघा, आता ग्राहकच म्हणतोय.”

“बोलणाऱ्या बाईंनी नाही म्हटलेलं. नाव त्यांचं जातंय.”

तिने पुन्हा फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, “माझ्या फोटोखाली दुसऱ्याचं बोलणं नको. एक तर ते वाक्य राहील, नाहीतर फोटो परत द्या. मी वर जाऊन येते.”

“वर कुठे?”

“संचालकांकडे. धुलाईघर तळघरात आहे, सगळं वरच असतं.”

गुरुवारी मास्तरीण फोनजवळच काम करत बसली. साहेबांनी ‘आयुष्यच बदललं’वालं पान दुसऱ्याकडून तयार करून ठेवलं होतं. चार वाजता बाईंचा फोन आला.

“झालं. आधी ऐकेचनात. म्हणाले, जुनं कशाला उकरता? मी म्हटलं, साहेब, पिशव्या तपासायचा हुकूम तुमच्या सहीने लागला होता. तो चूक निघाला, हेही तुमच्याच सहीने जाऊ द्या. त्यांनी पान पुन्हा एकदा वाचलं. मग पेन मागितलं.”

मंजुरीचा कागद पाच मिनिटांत आला. मजकुराला हात लागला नव्हता. सहीसाठी दोनच रेघा होत्या. पहिलीवर संचालकांची सही, दुसरीवर बाईंची. आणि त्याखाली, जिथे रेघच नव्हती, तिथे आणखी अकरा सह्या; काही वळणदार, काही एकेक अक्षर जोडलेल्या, शेवटची तर समासात चढलेली.

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “दोनच सह्या लागतात. या बाकीच्या कशाला?”

“पिशव्या त्यांच्याच उघडल्या होत्या,” मास्तरीण म्हणाली आणि पान छपाईला पाठवलं.